शाळकरी धावपटूंच्या वर्षाची आखणी: परीक्षा, सण आणि सुट्ट्या आधी, सराव नंतर

प्रश्न: आमच्या गटात १४ ते १७ वयाची मुलंमुली आहेत, बहुतेक १५०० मीटर धावणारी. दरवर्षी बारा महिन्यांचं वेळापत्रक करतो आणि पहिल्या परीक्षेलाच ते कोलमडतं. मग सण, मग सुट्टी, आणि मुख्य स्पर्धा येते तेव्हा निम्मी मुलं तयार नसतात. वर्षाची आखणी नेमकी सुरू कुठून करायची?

उत्तर:

ज्या आठवड्यांत सराव होणारच नाही किंवा अर्धाच होणार आहे, तिथून सुरू करा. बहुतेक वेळापत्रकं उलट्या क्रमाने तयार होतात. आधी बेस, मग वेग, मग स्पर्धा असे टप्पे सलग मांडले जातात आणि परीक्षा आली की त्यात भोक पडतं. परीक्षेची तारीख मात्र महिनोन्महिने आधी अंदाजाने कळलेली असते, म्हणून ती आखणीतच असायला हवी.

एक तक्ता घ्या, ५२ ओळींचा, शाळा सुरू होते तो पहिला आठवडा. पहिल्या रकान्यात आठवड्याचा क्रमांक, दुसऱ्यात सोमवारची तारीख, तिसऱ्यात त्या आठवड्यात मुलांच्या आयुष्यात काय चाललेलं असेल ते: परीक्षा, तोंडी, प्रात्यक्षिक, सण, प्रवास, स्नेहसंमेलन. चौथ्या रकान्यात त्या आठवड्यात प्रत्यक्ष किती दिवस मुलं मैदानावर येतील तो आकडा. हा आकडा मनाने लिहू नका, गेल्या वर्षीचं हजेरीपत्रक समोर ठेवून लिहा. सणाच्या आठवड्यात गेल्या वर्षी सरासरी दोनच दिवस मुलं आली असतील, तर यंदा पाच लिहून ती येणार नाहीत. हे चार रकाने भरून झाल्याशिवाय टप्प्यांची नावं लिहायचीच नाहीत.

सणांच्या तारखा गेल्या वर्षीच्या तक्त्यातून उतरवून घेऊ नका. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं असतं, त्यामुळे चांद्रसौर पंचांगातले सण दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतात आणि अधिक मास आला की एकदम १८-१९ दिवस पुढे जातात. दिवाळीचं लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. हिजरी कालगणनेत अधिक मास नसल्याने रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडेच सरकत राहतो. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल या दरम्यान कधीही पडतो. परीक्षा आणि स्पर्धा मात्र इंग्रजी महिन्यांना धरून राहतात. म्हणून सण परीक्षेच्या आधी की नंतर, आणि स्पर्धेच्या किती आठवडे आधी, हे नातं दर वर्षी वेगळं असतं. मागच्या वर्षी चाललेला आराखडा यंदा न चालण्याचं हे एक साधं कारण आहे.

आता खरा प्रश्न असा की कोणता टप्पा कोणत्या खंडाच्या, म्हणजे सराव थांबण्याच्या काळाच्या, आधी ठेवायचा. त्यासाठी एकच गोष्ट माहीत असावी लागते: सराव कमी केला की कोणती क्षमता किती दिवस टिकते. क्रीडाशास्त्रज्ञ व्लादिमिर इसुरिन यांनी तयार खेळाडूंसाठी दिलेले ढोबळ आकडे प्रशिक्षकांमध्ये बरेच वापरले जातात. दमश्वासाचा पाया आणि कमाल ताकद सुमारे २५ ते ३५ दिवस टिकतात. जोरात धावताना पाय जड होतात तेव्हाही वेग धरून ठेवण्याची क्षमता, म्हणजे १५०० मीटरची शेवटची फेरी ज्यावर चालते ती, १४ ते २२ दिवस. आणि निव्वळ वेग जेमतेम २ ते ८ दिवस. मुलांच्या बाबतीत हे आकडे तंतोतंत धरू नका, क्रम मात्र लक्षात ठेवा. पाया आणि ताकद चिवट असतात, वेग सर्वांत आधी जातो.

यावरून आखणीचा नियम निघतो. लांब खंडाच्या लगेच आधी पाया आणि ताकद यांचा टप्पा ठेवायचा, कारण त्यातलं बरंच काही खंडानंतरही हाती राहतं. रेस पेसचा, म्हणजे शर्यतीच्या वेगाने धावण्याचा, टप्पा खंडाच्या आधी ठेवला तर ती मेहनत वाया जाते, तो स्पर्धेच्या अगदी अलीकडे आणि अखंड हवा. आणि वेग लवकर जातो तसाच थोडक्यात राखताही येतो. आठवड्यातून दोनदा ८० मीटरच्या सहा स्ट्राइड्स, म्हणजे वेगात पण सैल अंगाने घेतलेल्या छोट्या धावा, पुरतात, त्याला दहा मिनिटं लागतात. त्या परीक्षेच्या आठवड्यातही बसतात.

एक पूर्ण वर्ष मांडून दाखवतो. तुमच्या तारखा वेगळ्या असतील, म्हणून आठवड्यांचे क्रमांकच वापरतो. आठवडे ११-१२ मध्ये रात्री जागवणारा दहा दिवसांचा सण. आठवडा १५ मध्ये पात्रता स्पर्धा. १६ ते १८ सहामाही परीक्षा. २० मध्ये वर्षातला मोठा सण, आणि २० ते २२ सुट्टी. २८ मध्ये मुख्य स्पर्धा. ३७ ते ३९ वार्षिक परीक्षेचा अभ्यास, ४० ते ४२ परीक्षा. ४४ ते ५२ लांब सुट्टी, त्यात दोन आठवडे कुटुंबाबरोबर प्रवास. मुख्य स्पर्धेनंतरचा आणि वार्षिक परीक्षेनंतरचा एकेक आठवडा विश्रांतीचा धरला तर ५२ पैकी १६ आठवडे पूर्ण सरावाचे नाहीत. हा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. यातले बरेच आठवडे तसेही हलके ठेवावे लागलेच असते, सरावाचा भार, म्हणजे लोड, तीन आठवडे चढवल्यानंतर चौथा हलका हा साधा हिशेब धरला तरी. करायचं एवढंच की हलका आठवडा आणि सणाचा आठवडा एकमेकांवर बसवायचा.

पहिले आठ आठवडे पाया. पाच दिवस सराव, त्यात दोन दिवस सोपं धावणं, एक लांब, एक चढावर, एक थोडं वेगात, आणि दोनदा स्वतःच्या वजनाचे ताकदीचे व्यायाम. नववा आणि दहावा आठवडा चढता लोड, तीन-तीन मिनिटांच्या इंटरव्हलसह. अकरावा-बारावा सणाचे, तिथे लोड उतरवायचा. सराव संध्याकाळऐवजी दुपारनंतर लवकर ठेवा, तीनच दिवस, आणि जागरणाच्या दुसऱ्या सकाळी काहीही जोरदार नको. तेरावा-चौदावा रेस पेस, पंधराव्यात पात्रता स्पर्धा, त्याआधी पाच-सहा दिवस थोडं हलकं.

इथे लक्षात येईल की रेस पेसचा टप्पा परीक्षेच्या तोंडावर आला, म्हणजे आत्ताच सांगितलेल्या नियमाच्या उलट. इलाज नाही, पात्रता स्पर्धेची तारीख तुमच्या हातात नसते. म्हणूनच त्या टप्प्यात फार गुंतवायचं नाही. पात्र ठरण्याइतकीच धार काढायची. जो मुलगा सहज पात्र होणार आहे त्याच्यासाठी तर पंधरावा आठवडा नेहमीच्या सरावाचाच धरा. वर्षाची सगळी धार इथे काढली की मुलं इथे उत्तम धावतात आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात फिकी पडतात. निम्मी मुलं मुख्य स्पर्धेला तयार नसतात असं तुम्ही लिहिलं आहे, त्याचं मूळ मला बहुधा इथेच दिसतं.

सोळा ते अठरा परीक्षा. या तीन आठवड्यांत दोन टोकाच्या चुका होतात, सगळं बंद करणं किंवा फक्त रमतगमत जॉगिंग चालू ठेवणं. दुसरी चूक दिसायला शहाणपणाची वाटते, म्हणून ती जास्त होते. १९८० च्या दशकात रॉबर्ट हिक्सन यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत लोकांनी आधी दहा आठवडे, आठवड्यातले सहा दिवस, रोज ४० मिनिटं सराव केला. मग काहींचे दिवस सहावरून दोनवर आणले, तरी पंधरा आठवडे त्यांची कमाल प्राणवायू-क्षमता टिकून राहिली. काहींची वेळ ४० वरून १३ मिनिटांवर आणली, तरीही ती टिकली, फक्त दीर्घ दम थोडा कमी झाला. पण ज्यांच्या सरावाची तीव्रता उतरवली, त्यांची क्षमता घसरली. ती माणसं प्रौढ होती आणि स्पर्धक खेळाडू नव्हती, त्यामुळे पंधरा आठवडे हा आकडा तुमच्या मुलांना लावू नका. तीन आठवड्यांसाठी मात्र हा धडा मैदानावर खरा ठरतो: दिवस कमी करा, मिनिटं कमी करा, जोर कमी करू नका.

म्हणजे नेमकं काय, तर १५०० मीटर ५ मिनिटांत धावणारी मुलगी घ्या. तिचा रेस पेस ४०० मीटरला ८० सेकंद. परीक्षेच्या आठवड्यात तिला दोनच सेशन. पहिलं असं: १५ मिनिटं वॉर्म-अप, मग ३ मिनिटांच्या चार आवृत्त्या, मध्ये २-२ मिनिटं हलकं जॉगिंग, शेवटी ५ मिनिटं कूल डाउन. एकूण ३८ मिनिटं. त्या तीन मिनिटांचा वेग किलोमीटरला ३:३५ ते ३:४० असावा, म्हणजे प्रत्येक आवृत्तीत ती ८२० ते ८४० मीटर जाईल. चौथी आवृत्ती पहिलीइतकीच लांब झाली पाहिजे. तिसऱ्या-चौथ्यात तीस मीटरहून जास्त कमी पडलं तर सेशन तिथेच थांबवा, झोप कमी झालेली आहे. दुसरं सेशन: २० मिनिटं सोपं धावणं, ८० मीटरच्या सहा स्ट्राइड्स चालत परत येत, आणि स्क्वॉट, लंज, प्लँक यांचे दोन सेट. ३५ मिनिटं.

ही दोन सेशन कुठे बसवायची हे परीक्षेचं वेळापत्रक हातात आल्यावर ठरवा, आणि प्रत्येक मुलाचं वेगळं ठरवा. जोरदार सेशन पेपर संपल्यानंतर त्याच संध्याकाळी, पण पुढचा पेपर किमान दोन दिवस लांब असेल तरच. पेपरच्या आदल्या दिवशी फार तर सोपं धावणं. सलग पाच दिवस पेपर असतील त्या आठवड्यात जोरदार सेशन टाळा आणि शेवटच्या पेपरनंतरच्या शनिवारी घ्या. याला कारण आहे. दुखापतींच्या नोंदी ठेवणाऱ्या संघांमध्ये, अगदी अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलपटूंमध्येसुद्धा, परीक्षेच्या आठवड्यांत दुखापती वाढलेल्या दिसल्या आहेत. अपुरी झोप, दिवसभर बसून आखडलेलं कंबर-मांडीचं अंग आणि डोक्यावरचा ताण हे सगळं त्याच शरीरावर येत असतं. परीक्षा हीसुद्धा लोड आहे, हे गृहीत धरूनच आकडे ठरवा.

आकडे ठरवायला एक सोपी रीत आहे. सेशन संपल्यावर अर्ध्या तासाने मुलाला विचारायचं, ० ते १० मध्ये किती कठीण गेलं? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं आणि आठवड्याची बेरीज करायची. वरच्या मुलीचा भरगच्च आठवडा समजा असा: ५० मिनिटं सोपं, कठीणपणा ४, म्हणजे २००, इंटरव्हल ५० मिनिटं, ७, म्हणजे ३५०, हलकं ४५ मिनिटं, ३, म्हणजे १३५, चढ ४५ मिनिटं, ७, म्हणजे ३१५, लांब ६० मिनिटं, ४, म्हणजे २४०. बेरीज १२४०. परीक्षेचा आठवडा: ३८ मिनिटं गुणिले ७ म्हणजे २६६, आणि ३५ गुणिले ३ म्हणजे १०५. बेरीज ३७१, भरगच्च आठवड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडी कमी. ही बेरीज तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहीत जा. पुढे परत चढताना तीच उपयोगी पडते.

परीक्षा संपली की मुलांना धावायची घाई असते आणि प्रशिक्षकाला त्याहून जास्त. राहिलेला सराव भरून काढायचा, ही कल्पनाच चुकीची आहे. तो सराव राहिलेला नाही, तो आखणीतच नव्हता. एकोणिसाव्या आठवड्यात बेरीज ७४० च्या आसपास ठेवा, म्हणजे भरगच्चच्या साठ टक्के. विसावा सणाचा, त्यात चार-पाच दिवस पूर्ण मोकळे आणि उरलेल्यात दोन सोपी सेशन. सणाच्या दिवशी पहाटे उठवून सराव घेणारे गट असतात, त्यातून मिळतं फार थोडं आणि मुलांच्या मनात चीड मात्र साठते. या पाच दिवसांत फक्त वेग थोडा जातो, तो दोन वेळच्या स्ट्राइड्सनी परत येतो. एकविसावा ८००, बाविसावा १०५०, तेविसावा १२४०. सुट्टी असली तरी बाविसाव्यात दिवसाला दोन सेशन नकोत. सुट्टीत मुलांकडे वेळ जास्त असतो, हाडं आणि स्नायुबंध मात्र तेच असतात.

हे मुद्दाम ठासून सांगतो, कारण सुट्टीतल्या शिबिरात सर्वाधिक मुलं इथेच जखमी होतात. श्वास आणि हृदय दहा-बारा दिवसांत सरावतात, त्यामुळे मुलाला वाटतं की आपण तयार आहोत. हाडाला आणि स्नायुबंधांना त्याहून बराच जास्त काळ लागतो. पहिल्या आठवड्यात काहीच दुखत नाही. साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवशी नडगीच्या आतल्या कडेला, खालच्या भागात दुखायला लागतं. बोटाने दाबून पाहा. चार-पाच बोटं लांबीच्या पट्ट्यात दुखत असेल, वॉर्म-अपमध्ये जास्त आणि नंतर कमी होत असेल, तर लोड निम्म्यावर आणा, चढ आणि कठीण पृष्ठभाग बंद करा, आणि आठवड्याने पुन्हा तपासा. एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाएवढ्या जागेत टोचत असेल, धावताना वाढत जात असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर धावणं पूर्ण बंद आणि डॉक्टरकडे. तो हाडाला सूक्ष्म तडा असू शकतो आणि त्यावर धावत राहिलं तर सगळा हंगाम जातो. ज्या मुलाची वर्षभरात उंची झपाट्याने वाढली आहे, त्याच्याकडे जास्त लक्ष ठेवा.

चोवीस ते सव्वीस हा रेस पेसचा टप्पा, तीन आठवडे, यात कुठलाही खंड नको. या तीन आठवड्यांत स्नेहसंमेलनाच्या तालमी किंवा शाळेची सहल येणार असेल तर ती वर्षाच्या सुरुवातीलाच शाळेशी बोलून सोडवावी लागते, चोवीसाव्या आठवड्यात काही करता येत नाही. आठवड्यात रेस पेसची दोनच सेशन. आपल्या मुलीसाठी पहिल्या आठवड्यात ३०० मीटरच्या आठ आवृत्त्या, प्रत्येक ६० सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं जॉगिंग. दुसऱ्या आठवड्यात ६०० मीटरच्या चार, प्रत्येक दोन मिनिटांत, मध्ये चार मिनिटं. सव्विसाव्यात शक्य असेल तर ८०० मीटरची एखादी छोटी शर्यत. तिने पहिल्या आवृत्त्या ५७ मध्ये धावून शेवटच्या ६४ मध्ये केल्या तर ते सेशन फसलं, सरासरी ६० आली तरी. तिने मुख्य स्पर्धेत ज्या वेगाने पहिली फेरी काढायची आहे, तोच वेग पायांना शिकवायचा आहे.

सत्तावीस-अठ्ठावीस टेपर, म्हणजे स्पर्धेआधी सराव उतरवत नेणं. आठवड्याचं अंतर ४० किलोमीटर असेल तर सत्ताविसाव्यात २८, अठ्ठाविसाव्यात स्पर्धेपर्यंत २०. दिवसांची संख्या तीच, वेग तोच, फक्त लांबी कमी. शेवटचं दमवणारं सेशन स्पर्धेच्या दहा दिवस आधी, आणि तीन दिवस आधी २०० मीटरच्या तीन आवृत्त्या ३९-४० सेकंदांत. एकोणतिसावा आठवडा पूर्ण सुट्टी. पोहणं, सायकल, मित्रांबरोबर फुटबॉल चालेल, घड्याळ लावून धावणं नको.

तीस ते छत्तीस या सात आठवड्यांत काहीतरी स्पर्धा गाठण्याचा मोह होतो. तो टाळा. पुढे सहा आठवडे अभ्यास आणि परीक्षा आहेत, तिथे रेस पेस टिकणारच नाही. हे आठवडे पाया आणि ताकदीचे. त्यातही ताकदीचा मुख्य टप्पा शेवटच्या चार आठवड्यांत, म्हणजे तेहतीस ते छत्तीसमध्ये बसवा, कारण ती महिनाभर टिकते आणि आठवड्याला एका छोट्या सेशनने त्याहूनही पुढे राखता येते. सदतीस ते एकोणचाळीस तीन दिवस, चाळीस ते बेचाळीस दोन दिवस, वर सांगितल्याप्रमाणेच. त्रेचाळिसावा मोकळा.

महिनाभराचे उपवास, म्हणजे पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत काही न खाता-पिता, ज्या मुलांचे असतात, त्यांचा तो महिना तक्त्यात वेगळ्या रंगाने दाखवा. सोपं धावणं सूर्यास्ताच्या आधीच्या तासात ठेवा, म्हणजे लगेच पाणी आणि खाणं मिळतं. जोरदार सेशन उपवास सोडल्यावर दोन-अडीच तासांनी, आणि आठवड्यात एकच. उन्हाळ्यात तो महिना पडला तर दुपारचा सराव पूर्ण बंद. रेस पेसचा टप्पा त्या महिन्यात येत असेल तर त्या मुलाचं मुख्य लक्ष्य दुसऱ्या स्पर्धेवर हलवणं जास्त प्रामाणिक ठरतं. बाकीच्यांच्या वेळापत्रकात त्याला कोंबू नका.

तारखा पुढेमागे होणारच. परीक्षा एक आठवडा पुढे गेली, स्पर्धा पावसामुळे दहा दिवस लांबली. अशा वेळी कुठला टप्पा ताणायचा हे आधीच ठरवून ठेवा. पायाचा टप्पा लवचीक असतो, त्यातला एक आठवडा पुन्हा केला तरी बिघडत नाही, आणि एक गाळला तरी फारसं नाही. रेस पेसचा टप्पा लवचीक नसतो. तो पाच-सहा आठवड्यांवर गेला की मुलं चिडचिडी होतात, सकाळची नाडी नेहमीपेक्षा जास्त लागते आणि आवृत्त्यांचे वेळ सुधारण्याऐवजी ढासळतात. टेपरमध्ये असताना स्पर्धा दहा दिवस पुढे गेली, तर टेपर लांबवू नका. चार दिवस पुन्हा मध्यम लोड द्या, तीन मिनिटांची एक इंटरव्हल सेशन घ्या, आणि शेवटचे सहा दिवस नव्याने टेपर करा.

शेवटच्या वर्गातल्या, बोर्डाच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना या तक्त्यात बसवायचा प्रयत्न करू नका. त्यांची परीक्षा बाकीच्यांपेक्षा आधी असते, त्याआधी सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिकं असतात, आणि पेपर तीन-चार आठवडे पसरलेले असतात. त्यांच्यासाठी दुसरा तक्ता करा, ज्यात वर्षाची एकच शर्यत महत्त्वाची असेल, अठ्ठाविसाव्या आठवड्याची, आणि तिसाव्यापासून आठवड्यात तीन दिवस. पालकांना हा तक्ता पहिल्याच महिन्यात दाखवा. परीक्षेच्या काळात सराव किती मिनिटांचा असेल हे त्यांना आधी कळलं की ते मुलाला एकदम घरी बसवत नाहीत. आठवड्यात ७३ मिनिटं, हा आकडा ऐकल्यावर बहुतेक जण मान्य करतात.

लांब सुट्टीत, चव्वेचाळीस ते बावन्न, पुन्हा तोच चढता हिशेब: ५००, ७४०, ९५०, ११००, मग दोन आठवडे प्रवासाचे, आणि परतल्यावर ८००, १०००, १२४०. प्रवासात मुलाला कागदावर एवढंच लिहून द्या: दर दोन दिवसांनी २५ मिनिटं सोपं धावणं, शेवटी सहा स्ट्राइड्स, आणि एक दिवस चढावर मिनिटभराच्या आठ आवृत्त्या. चौदा दिवसांत यातलं निम्मं झालं तरी परतल्यावरचा पहिला आठवडा ८०० ने सुरू करता येतो. काहीच झालं नसेल तर तो ५०० ने सुरू करा आणि पुढचे दोन ७०० आणि ९५० वर ठेवा. मुलगा खरं सांगेल की नाही याची खात्री नसेल तर पहिल्या दिवशी २० मिनिटं सोप्या वेगात धावायला लावा आणि थांबल्यावर एका मिनिटाने नाडी मोजा. सुट्टीआधीच्या त्याच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ती पंधरा-वीस ठोक्यांनी जास्त लागली, तर कागद खिशातच राहिला होता असं समजून ५०० वाला आठवडा द्या.